दाखवला जाईल, असाच मेसेज लिहा

आपल्या घरांत खासगी मेसेज नावाची गोष्ट फारशी नसते. मुलीच्या भावाने मुलाला पाठवलेला मेसेज मुलाची आई वाचते, थोरली बहीण वाचते, रिश्ता आणणारे मामू वाचतात. सकाळी नांदेडहून लातूरला गेलेला मजकूर संध्याकाळी स्क्रीनशॉट होऊन नांदेडला परत येतो आणि पाठवणाऱ्याच्याच चाचीच्या फोनवर दिसतो. मग एकच वाक्य ऐकू येतं : 'मी त्याला विश्वासाने लिहिलं होतं.'

माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. मंगनी, निकाह, तलाक, खुला, घराची वाटणी अशा विषयांवरचा मेसेज दुसऱ्यांना दाखवला जाणं हा अपघात नाही. तो त्या मेसेजचा ठरलेला रस्ताच आहे. बहुतेक वेळा तो दाखवणाऱ्याचा हक्कही आहे. म्हणून 'कुणाला दाखवू नको' अशी विनंती करण्यात अर्थ नाही. दाखवला गेला तरी ज्याचा अर्थ बदलणार नाही, असा मेसेज लिहिणं हे आपल्या हातात आहे. त्याची काही पद्धत आहे, तीच इथे सांगतो.

नांदेडमध्ये लोकांचे अर्ज-दरखास्त लिहून देण्यात माझी बरीच वर्षं गेली. पूर्वी लोक कोरा कागद घेऊन यायचे. आता फोन पुढे करतात आणि म्हणतात, 'चाचा, एवढं लिहून द्या.' त्यांतला सगळ्यांत अवघड मेसेज मंगनी मोडण्याचा. नोकरीच्या अर्जात चूक झाली तर अर्ज परत येतो. या मेसेजात चूक झाली तर त्याची किंमत मुलगी पुढच्या प्रत्येक रिश्त्याच्या वेळी देत राहते. म्हणून उदाहरण त्याचंच घेतो.

दाखवणं म्हणजे दगा नव्हे

रिश्ता दोन माणसांत ठरत नाही, दोन घरांत ठरतो. तो मोडतो तोही दोन घरांतच. ज्या मुलाला आपण लिहितो, तो पंचवीस-सव्वीस वर्षांचा असतो आणि एकट्याने उत्तर देऊच शकत नाही. त्याला तो मजकूर आई-वडिलांसमोर ठेवावाच लागतो. त्याने स्क्रीनशॉट न दाखवता आपल्या शब्दांत सांगितलं असतं तर काय झालं असतं? 'ते लोक नाही म्हणतायत, त्यांना दुसरं काहीतरी मिळालं असेल.' त्यापेक्षा आपले शब्द जसेच्या तसे पोचले तर आपलंच भलं आहे.

जुन्या काळीही हेच होतं. लातूरहून उर्दूत खत यायचं, आणि घरात ज्याला वाचता येई तो ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा. लिहिणाऱ्यालाही हे ठाऊक असायचं. म्हणून तो सलामाने सुरुवात करी, मोठ्यांची खुशाली विचारी आणि मग मुद्द्यावर येई. आजच्या मेसेजपेक्षा ते खत जास्त लोक ऐकत. फरक एवढाच की खत पूर्ण यायचं आणि स्क्रीनशॉट कापून येतो. आपल्याला सांभाळायचं आहे ते हे कापणं.

आणखी एक बाजू आहे, ती विसरून चालणार नाही. सासरी एकटी पडलेल्या सुनेसाठी नवऱ्याचा किंवा सासूचा आलेला मेसेज हा कधीकधी एकुलता एक साक्षीदार असतो. 2019 च्या मुस्लिम महिला कायद्याने एका दमात दिलेला तीन तलाक रद्दबातल ठरवला. तोंडी, लेखी आणि इलेक्ट्रॉनिक, म्हणजे मेसेजवरचा, असे सगळे प्रकार त्यात धरले आहेत आणि नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अशा वेळी तिने स्क्रीनशॉट काढून भावाला पाठवला तर तिला दगाबाज म्हणण्याचा हक्क कुणालाही नाही. रागाच्या भरात, नुसतं घाबरवायला म्हणूनसुद्धा तो शब्द फोनवर टाइप करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. म्हणून 'स्क्रीनशॉट काढणं हराम समजा' असा नियम करायला माझा विरोध आहे. तो नियम ताकदवानाच्या सोयीचा ठरतो.

स्क्रीनशॉटमध्ये काय कापलं जातं

लोक आधी फोनमधल्या सोयींवर भरवसा ठेवतात. तो ठेवू नये. व्हॉट्सॲपवर 24 तास, 7 दिवस किंवा 90 दिवसांनी आपोआप जाणारे मेसेज पाठवता येतात, पण ते जाण्याआधी स्क्रीनशॉट काढला तर आपल्याला कळतही नाही. एकदाच पाहता येण्याची सोय फोटो, व्हिडिओ आणि आवाजासाठी आहे, साध्या लिहिलेल्या मेसेजसाठी नाही. पाठवलेला मेसेज 15 मिनिटांत बदलता येतो, पण तो बदलल्याची खूण त्यावर राहते. दोन दिवसांहून थोडा जास्त काळ तो सगळ्यांकडून पुसताही येतो, पण मेसेज पुसल्याची ओळ मागे उरते. ती ओळ समोरच्या घरात मूळ मजकुराहून जास्त संशय पिकवते. 'असं काय लिहिलं होतं की पुसावं लागलं?'

याच्या उलट एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. आपण पाठवलेला मेसेज समोरच्याने फक्त स्वतःच्या फोनमधून पुसला, तर त्याच्या पडद्यावर कसलीही खूण राहत नाही. समजा आपण तीन मेसेज पाठवले. पहिल्यात म्हटलं, 'मुलगा चांगला आहे, त्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही.' दुसऱ्यात म्हटलं, 'हा रिश्ता आम्हाला करायचा नाही.' तिसऱ्यात सामान परत देण्याचं लिहिलं. समोरच्याने पहिला आणि तिसरा आपल्या फोनमधून काढला आणि मग स्क्रीनशॉट घेतला, तर पाहणाऱ्याला एवढंच दिसेल की एका ओळीत रिश्ता तोडला. मधे काही गेलं आहे असा संशयही येणार नाही.

त्यामुळे पहिला नियम असा : कडू वाक्य आणि त्याला सावरणारं वाक्य एकाच मेसेजात असावं. तुकड्या-तुकड्यांत लिहायची सवय गप्पांसाठी ठीक आहे, अशा कामासाठी नाही. मेसेज आधी फोनच्या नोट्समध्ये किंवा कागदावर पूर्ण लिहावा आणि मग एकदाच पाठवावा.

दुसरी गोष्ट लांबीची. मेसेज फार लांब झाला की व्हॉट्सॲप खालचा भाग झाकून 'रीड मोअर' असं दाखवतं. स्क्रीनशॉट घाईत काढला तर वरचाच भाग येतो. म्हणून निर्णय आणि त्याचं कारण वरच्या अर्ध्यात यावं, आणि सगळा मजकूर शक्यतो फोनच्या एका पडद्यात मावावा.

तिसरी गोष्ट तारखेची. मेसेजच्या कोपऱ्यात वेळ दिसते, तारीख मात्र चॅटमध्ये वेगळ्या ओळीत असते आणि स्क्रीनशॉटमध्ये ती येईलच असं नाही. आज लिहिलेला मेसेज सहा महिन्यांनी कुणी दाखवला तर तो कधीचा, हे पाहणाऱ्याला कळत नाही. म्हणून तारीख मजकुरातच लिहावी. पूर्वी खताच्या डोक्यावर लिहायचो, तशीच.

एक मंगनी, दोन मेसेज

आता एक उदाहरण. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलगी नांदेडची, मुलगा लातूरचा. मंगनीच्या वेळी ठरलं होतं की मुलीची शेवटच्या वर्षाची परीक्षा झाल्यावर निकाह करायचा आणि जोडे की रकम घ्यायची नाही. आठ महिन्यांनी मुलाच्या घरून निकाह लवकर उरकण्याची घाई सुरू झाली, आणि मग दोन लाखांचा विषय निघाला. मुलीने घरी स्पष्ट 'नको' म्हटलं, आणि घर तिच्या पाठीशी उभं राहिलं. कळवायचं काम थोरल्या भावाकडे आलं. त्याने रात्री फोनमध्ये एक मजकूर लिहिला आणि पाठवण्याआधी सकाळी तो माझ्याकडे आणला. मूळ मजकूर रोमन अक्षरांतल्या दखनीत होता, इथे मराठीत देतो :

'भाई, बस झालं आता. तुमच्या अम्मींनी काल परत दोन लाखांचं काढलं. मुलगा विकायला काढलाय का? अब्बूंची तब्येत आधीच बरी नसते, त्यात हे. तुमच्यासाठी आम्ही औरंगाबादचा चांगला रिश्ता सोडला होता. तिचंही आता मन नाही, रोज रडते. हे कुणाला सांगू नका. पण रिश्ता संपला समजा.'

यातला शब्द न् शब्द खरा होता. त्याचा रागही रास्त होता. पण हा मेसेज मुलाला लिहिलेला असला तरी वाचणार इतरच होते. म्हणून आम्ही एकेका वाक्यासमोर वाचणारा उभा करून पाहिला.

'तुमच्या अम्मींनी' हे अम्मी स्वतः वाचणार. त्या म्हणणार, 'मी फक्त रिवाज सांगितला, मागितलं कुठे?' झालं. पुढचे पंधरा दिवस वाद त्या काय बोलल्या यावर चालणार, आणि मूळ प्रश्न बाजूला पडणार. 'औरंगाबादचा रिश्ता' हे मामू वाचणार आणि समजणार की मुलीकडच्यांनी दुसरीकडे दार उघडं ठेवलं होतं. 'अब्बूंची तब्येत' हे सगळी बिरादरी वाचणार, आणि धाकट्या बहिणीच्या रिश्त्याच्या वेळी कुणीतरी ते काढणार. 'मुलगा विकायला काढलाय का' हे तर वेगळं कापून फिरवण्यासाठीच बनलेलं वाक्य आहे.

सगळ्यांत घातक वाक्य मात्र सहानुभूतीने लिहिलेलं होतं : 'तिचंही आता मन नाही, रोज रडते.' त्याच्या मागची-पुढची वाक्यं कापली की अनोळखी माणसाला त्यात एकच अर्थ दिसतो. मुलीचं मन दुसरीकडे आहे. भावाने जे वाक्य तिच्या बाजूने लिहिलं, तेच तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून फिरलं असतं. आणि 'कुणाला सांगू नका' या शब्दांनी तर वाचणाऱ्याला सांगितलं असतं की इथे लपवण्यासारखं काही आहे.

आम्ही मग नवा मजकूर लिहिला. भावाने तो घरी जाऊन आई-वडिलांना आणि मुलीला वाचून दाखवला. एक शब्द तिने बदलायला लावला, तो कोणता ते पुढे सांगतो. पाठवण्याआधी भावाने मामूंना फोन करून निर्णय सांगितला, कारण अशी गोष्ट मधल्या माणसाला स्क्रीनशॉटवरून कळणं बरं नाही. मग हा मेसेज गेला :

'अस्सलामु अलैकुम. 12 जानेवारी, रविवार. हा मेसेज आमच्या घरातर्फे आहे, आपल्या मोठ्यांना जरूर दाखवावा. आपल्या दोन घरांत झालेली मंगनी आम्ही आजपासून संपवत आहोत. परीक्षेनंतर निकाह आणि देणंघेणं नाही, असं मंगनीच्या वेळी ठरलं होतं. या दोन गोष्टींवर आता आपलं एकमत राहिलं नाही. निर्णय अब्बू, अम्मी, आपा आणि मी मिळून घेतला आहे. याशिवाय आमची काही तक्रार नाही. अंगठी आणि सामान 19 तारखेला मामूंच्या घरी यादीसह देऊ. मुलीचे फोटो आणि बायोडाटा आपल्याकडच्या सर्वांनी फोनमधून काढावेत, ही विनंती. पुढचं बोलणं मामूंसमोर बसून करू. खुदा हाफिज.'

यात 'मोठ्यांना जरूर दाखवावा' हे वाक्य आम्ही मुद्दाम वर ठेवलं. दाखवण्याची परवानगी लिहिणाऱ्यानेच दिली की गुपचूप दाखवण्यातली मजा संपते. शिवाय ज्याच्या हातात तो मेसेज येतो, त्याला आपण मोठा मानलं आहे हेही तो वाचतो.

कारण लिहिलं आहे, पण कोण काय बोललं ते लिहिलेलं नाही. 'असं ठरलं होतं' आणि 'एकमत राहिलं नाही' ही दोन्ही वाक्यं मुलाच्या आईलाही नाकारता येत नाहीत, कारण ठरलं तेव्हा मामू हजर होते. कारण अजिबातच लिहिलं नसतं तर लोकांनी ते स्वतःच भरलं असतं, आणि मंगनी मोडली की लोक पहिला दोष मुलीतच शोधतात. म्हणून कारण हवं, पण दोन्ही घरांना माहीत असलेलं आणि एका वाक्यात मावणारं.

मुलीने बदलायला लावलेला शब्द हा. आमच्या मजकुरात होतं, 'अब्बू, अम्मी आणि मी मिळून, मुलीच्या संमतीने.' ती म्हणाली, 'मी संमती दिली नाही, निर्णयच माझा आहे. पण एकटीचं नाव पुढे टाकू नका. सगळ्यांच्या रांगेत लिहा.' म्हणून 'आपा' हा शब्द आला. भाऊ तिला घरात ज्या नावाने हाक मारतो, तेच. ती निर्णयात आहे हे दिसतं, आणि बोट एकट्या तिच्याकडे जात नाही. अशा मेसेजात जिच्याबद्दल लिहिलं जातं, तिने तो पाठवण्याआधी वाचलाच पाहिजे. माझ्या अनुभवात कापण्याची जागा सगळ्यांत आधी तिलाच दिसते.

पैसे मागितल्याचं झाकायचं का?

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. दोन लाख मागणाऱ्यांना असं गोड लिहून आपण पाठीशी घालत नाही का? जोडे की रकम ही निजामाच्या मुलखातून आलेली खोड आहे, आणि ती शांतपणे गिळत राहिलो तर ती जाणार कशी?

हुंडा मागणं हा 1961 च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, दिला नसला तरी. तक्रार करायची असेल तर जरूर करावी. पण ती पोलीस ठाण्यात कागदावर करावी : कोणत्या तारखेला, कुणाच्या घरी, कुणासमोर, किती मागितले. मुलाला रात्री अकराला पाठवलेला टोमणा म्हणजे तक्रार नाही. त्याने मागणाऱ्याला शिक्षा होत नाही, फक्त सावध होण्याची संधी मिळते.

आणि याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. तक्रार करायचा विचार असेल तर मेसेजात 'आमची काही तक्रार नाही' हे वाक्य चुकूनही लिहू नये. उद्या तेच वाक्य तुमच्यासमोर ठेवलं जाईल. या घराने तक्रार न करण्याचं आधी ठरवलं आणि मग ते वाक्य लिहिलं. तुमचं ठरलेलं नसेल तर ते वाक्य गाळा. सौजन्य म्हणून खोटं लिहू नका. दाखवला जाणारा मेसेज गोड असायला हवा असं मी म्हणत नाही, तो खरा आणि पुरता असायला हवा.

मेसेज वाचला जात नाही, ऐकला जातो

आपल्याकडे एका घरात तीन लिप्या नांदतात. दादी-नानी उर्दू वाचतात, मराठी शाळेत शिकलेली सून देवनागरी वाचते, आणि मुलं सगळं रोमनमध्ये लिहितात. त्यामुळे स्क्रीनशॉट घरात पोचला तरी ज्यांच्या मतावर निर्णय ठरतो, ती मोठी माणसं तो बहुधा स्वतः वाचत नाहीत. कुणीतरी त्यांना मोठ्याने वाचून दाखवतं. वाचणारा चिडलेला असला तर आपलं साधं वाक्यही चिडून ऐकू जातं.

रोमनमध्ये धोका आणखी वाढतो. `mana` हा एकच शब्द 'मना' असाही वाचता येतो आणि 'माना' असाही. एक नकार, दुसरा होकार. शब्दांवर वाद घालायचाच असेल त्याला एवढं पुरतं. ज्या वाक्यात निर्णय आहे, त्यात असा दुपेडी शब्द नको. 'मंगनी संपवत आहोत' हे कुणीही, कुठल्याही आवाजात वाचलं तरी त्याचा एकच अर्थ होतो.

संबोधनाचंही तसंच. भाऊ मुलाला रोज 'तू' किंवा 'तुम' म्हणत असेल, दोघांची दोस्ती असेल. पण तो मेसेज मुलाच्या वडिलांना वाचून दाखवला जाईल तेव्हा 'तुम' त्यांच्या कानावर पडेल. म्हणून मराठीत 'आपण' आणि दखनी-उर्दूत 'आप', सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच. पाठवण्याआधी एक सोपी चाचणी करावी. घरातल्या कुणाला तरी तो मेसेज सपाट आवाजात मोठ्याने वाचायला सांगावा आणि आपण डोळे मिटून ऐकावं. जिथे आपल्यालाच टोचतं, तिथलं वाक्य बदलावं.

फिरायला लागला तर

मेसेज दुसऱ्यांच्या हातात गेला हे ओळखता येतं. रोज 'यार' म्हणणारा मुलगा एकदम 'आपल्या माहितीसाठी' असं लिहू लागतो, म्हणजे मजकूर कुणीतरी दुसरा सांगतो आहे. किंवा मुलाचं उत्तर येतच नाही आणि थेट फुफाजींचा फोन येतो. इथपर्यंत घाबरण्यासारखं काही नाही, मेसेज त्यासाठीच लिहिला होता. काळजीची वेळ तेव्हा, जेव्हा फोन करणारा आपल्या मेसेजातलं एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलतो आणि बाकीचं त्याला माहीत नसतं. म्हणजे तुकडा कापून फिरतो आहे.

अशा वेळी ग्रुपवर खुलासे लिहू नयेत. प्रत्येक खुलासा हा नवा स्क्रीनशॉट असतो. आपला मूळ मेसेज पुसू नये, कारण पूर्ण मजकूर आता आपल्याच फोनमध्ये आहे. ज्या मोठ्याचा फोन आला, त्यालाच तो पूर्ण मेसेज पाठवावा आणि एवढंच म्हणावं, 'आम्ही लिहिलं ते एवढं आहे, पूर्ण वाचावं.' उदाहरणातल्या घरावर ही वेळ आली. लातूरच्या एका नातलगाकडून 'आमची काही तक्रार नाही' एवढंच वाक्य घेऊन फोन आला : 'तक्रार नाही तर मोडता कशाला?' भावाने पूर्ण मेसेज पाठवला. 'याशिवाय' हा शब्द आणि त्याच्या वरची दोन वाक्यं नातलगाने वाचली, आणि विषय तिथे थांबला. 19 तारखेला मामूंच्या घरी सामान परत गेलं आणि यादीवर दोन्हीकडच्या सह्या झाल्या.

प्रकरण पुढे कोर्टात जाईल असं वाटत असेल तर फोन बदलू नये, विकू नये, चॅट जपून ठेवावी. स्क्रीनशॉटची नुसती छापील प्रत म्हणजे आपोआप पुरावा होत नाही. हा मुद्दा सुप्रीम कोर्टाने 14 जुलै 2020 रोजी ज्या निकालात पक्का केला, तो जालन्याचा होता : अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. वाद निवडणुकीचा होता, पण निकाल सगळ्यांना लागू आहे. मूळ उपकरणच कोर्टात हजर केलं तर गोष्ट वेगळी, नाहीतर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र लागतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ही अट आहे. कौटुंबिक न्यायालयाला मात्र पुराव्याच्या बाबतीत जास्त मोकळीक असते. त्यामुळे 'स्क्रीनशॉटला कोर्टात किंमत नाही' या भरवशावर काहीही लिहू नये, आणि 'स्क्रीनशॉट आहे ना' या भरवशावर मूळ फोन घालवूही नये.

मोठ्यांसाठी एक गोष्ट

आतापर्यंत लिहिणाऱ्याची जबाबदारी सांगितली. पण दाखवणं आणि फिरवणं यात फरक आहे. ज्यांना निर्णय घ्यायचा आहे त्यांना पूर्ण मेसेज दाखवणं हा हक्क आहे. ज्यांचा संबंध नाही अशांच्या ग्रुपवर त्याचा तुकडा टाकणं, किंवा तो स्टेटसला लावणं, ही बदनामी आहे, आणि तिचा भार बहुतेक वेळा मुलीवर पडतो. हा फरक कायद्याच्या आधी आपल्या बैठकीत मानला गेला पाहिजे.

म्हणून मामू, फुफा, जमातीचे जिम्मेदार, जे जे दोन घरांमध्ये बसतात, त्यांना माझी एकच विनंती आहे. कुणी स्क्रीनशॉट घेऊन आला आणि म्हणाला, 'बघा, यांनी काय लिहिलंय', तर त्यावर लगेच मत देऊ नका. 'स्क्रीनशॉट नको, फोन दाखवा' असं म्हणा. चॅट वर सरकवून आधीचं वाचा, खाली सरकवून नंतरचं वाचा. त्यातूनही काही वगळलेलं असू शकतं, म्हणून मग दुसऱ्या घराला फोन करा आणि त्यांच्याकडचीही चॅट पाहा. दोन्ही फोन शेजारी ठेवले की कापलेलं कुठे आहे ते लगेच दिसतं. याला दहा मिनिटं लागतात. लातूर-नांदेडमधल्या दहा बैठकांत जरी असं विचारलं जाऊ लागलं, तरी कापलेला स्क्रीनशॉट घेऊन येणाऱ्याला आधी विचार करावा लागेल.